९७ टक्के आले कुठून?

माझ्या भाचीने गेल्या महिन्यात तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं चौथं प्रकरण मला वाचायला पाठवलं. विषय शिक्षणशास्त्राचा. उर्दू माध्यमातल्या सहावीच्या मुलांकडून रोज वीस मिनिटं मराठी मोठ्याने वाचून घेतलं, तर त्यांचं मराठी सुधारतं का, हे तिने तपासलं. चाळीस मुलं वाचणाऱ्या गटात, चाळीस नेहमीच्या वर्गात. मेहनत खरी आहे. चाकूरच्या उन्हात दोन महिने शाळेच्या फेऱ्या मारून तिने ही माहिती गोळा केलीय. पण निष्कर्षाच्या पानावर एक वाक्य होतं, आणि तिथे मी थांबलो: "पी-मूल्य ०.०३ आले, म्हणजेच संशोधन परिकल्पना सत्य असण्याची शक्यता ९७ टक्के आहे."

मी फोन केला. म्हटलं, हे ९७ आले कुठून?

"मामू, शंभरातून तीन वजा केले."

"आणि असं करायला कुणी सांगितलं?"

"सरांनी. सगळे असंच लिहितात."

सगळे असंच लिहितात हे मात्र खरं आहे. प्रबंधात लिहितात, संशोधन पद्धतीच्या गाइडात लिहितात, औषधाच्या बातमीत "९५ टक्के खात्रीने सिद्ध झालं" असं छापतात. हे वाक्य चूक आहे. थोडं ढिलं किंवा घाईत लिहिलेलं असतं तर चालवून घेतलं असतं. हे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच नाही. आणि आता त्याच्यावर पुढचा मजला चढतोय. शाळेच्या समितीने ९७ टक्के ऐकलं आणि चित्रकलेचा तास काढून तो वाचनाला द्यायचं जवळजवळ ठरवलं. म्हणून हा लेख.

पी-मूल्य म्हणजे काय हे सांगायला आपल्याकडे अमेरिकेची उदाहरणं द्यायची गरज नाही. महाराष्ट्रातच एक चाचणी झाली, सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचली. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिष्यांना आव्हान दिलं. शाळांतली हुशार म्हणून ओळखली जाणारी शंभर मुलं आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम, म्हणजे तेव्हाच्या भाषेत मतिमंद, अशी शंभर मुलं. दोनशे कुंडल्या. कुठली कुणाची हे झाकलेलं. प्रत्येक ज्योतिष्याला यातल्या चाळीस कुंडल्या द्यायच्या आणि त्याने प्रत्येकीवर सांगायचं, हे मूल हुशार की अक्षम. कुंडल्या मागवल्या पन्नासेक जणांनी, उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. २००९च्या मार्चमध्ये निकाल 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. सगळ्यांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली. सर्वांत चांगला ज्योतिषी चाळीसपैकी चोवीस बरोबर सांगू शकला.

आता हा चोवीसवाला घ्या. त्याचे चाहते म्हणणार, निम्मे म्हणजे वीस. आमच्या महाराजांनी चार जास्त सांगितले, काहीतरी आहेच ना? प्रश्न रास्त आहे. पी-मूल्य नेमकं याच प्रश्नासाठी काढतात.

त्यासाठी आधी एक गोष्ट मानून चालायची: या माणसाला काहीही कळत नाही, तो प्रत्येक कुंडलीवर नाणं उडवतो. लातूर पॅटर्नच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही, पर्यायी प्रश्नांत अंदाजपंचे गोल काळे करणं म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नाणं चाळीस वेळा उडवलं की बरोबर-चूक यांच्या एकूण रांगा होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. प्रत्येक रांग सारख्याच शक्यतेची. यातल्या किती रांगांत चोवीस किंवा त्याहून जास्त बरोबर आहेत ते मोजायचं आणि एकूण रांगांनी भागायचं. एक्सेलमध्ये ते एका ओळीचं काम आहे:

```
=1-BINOM.DIST(23,40,0.5,TRUE)
```

उत्तर ०.१३४. ओळीत २३ आहे, २४ नाही, कारण ते सूत्र तेवीसपर्यंतची बेरीज देतं आणि आपल्याला त्याच्या पुढचं सगळं हवंय. २४ टाकलं तर खुद्द चोवीसच गळून पडतो. मी हे प्रबंधांतही पाहिलंय.

तर या ज्योतिष्याचं पी-मूल्य ०.१३. वाक्यात सांगायचं तर: ज्याला काहीच कळत नाही अशा माणसाला चाळीसपैकी चोवीस किंवा जास्त बरोबर येणं, हे शंभर वेळांत तेरा वेळा नुसत्या नशिबाने होतं. पी-मूल्य एवढंच सांगतं. वाक्याची सुरुवात 'ज्याला काहीच कळत नाही' इथून आहे, हे विसरू नका. ती गोष्ट आपण मोजली नाही, सिद्ध केली नाही. ती आपण हिशेबाला बसतानाच मानून घेतली.

आता भाचीच्या सरांची वजाबाकी इथे लावा. शंभरातून तेरा गेले, राहिले सत्त्याऐंशी. म्हणजे या ज्योतिष्याला विद्या असण्याची शक्यता ८७ टक्के! ज्या चाचणीत ज्योतिष सपशेल आपटलं, त्याच चाचणीतून तुमच्या गणिताने सत्त्याऐंशी टक्क्यांचा सिद्धपुरुष निघतो. एका ज्योतिष संस्थेने तर दोनशेच्या दोनशे कुंडल्या घेतल्या होत्या. तिचे १०२ बरोबर आले. त्याचं पी-मूल्य सुमारे ०.४२. वजाबाकी करा: ५८ टक्के! दोनशेपैकी बरोबर शंभर आले असते, म्हणजे नाण्याइतकेच, तरी ही वजाबाकी पन्नासच्या आसपास टक्के हातावर ठेवतेच. जी रीत काहीच न कळणाऱ्याला निम्मे गुण फुकट वाटते, तिच्यावर मुलांच्या शाळेचं वेळापत्रक ठरवायचं का?

चूक कुठे होते ते पाहू. 'पाऊस पडला तर अंगण ओलं असतं' आणि 'अंगण ओलं आहे तर पाऊस पडला' ही दोन वाक्यं एक नाहीत. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी येतं, तेव्हा टाकी भरून वाहते आणि अंगण ओलं होतं. कडक उन्हाळ्यात ओलं अंगण पाहून कुणी छत्री उघडत नाही. अंगणाकडे बघताना आपण मनात धरतोच, की या दिवसांत पाऊस किती वेळा पडतो. पी-मूल्य पहिल्या जातीचं वाक्य आहे: परिणाम नाही असं धरलं तर असा निकाल किती वेळा दिसेल. सरांना हवंय दुसऱ्या जातीचं: असा निकाल दिसला तर परिणाम असण्याची शक्यता किती. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला मधे एक आकडा लागतो, आणि तो पी-मूल्यात नसतो. असे दावे मुळात किती वेळा खरे निघतात, हा तो आकडा.

हिशेबच करू. हिशेबापुरते हजार माणसं धरा जी म्हणतात, आम्हाला कुंडलीवरून बुद्धी कळते. यातल्या दहांना खरोखरच थोडंफार कळतं, शंभरात सत्तर बरोबर सांगण्याइतकं, असं धरू. मी उदार होतोय. बाकीचे ९९० नाणं उडवतात. पास व्हायची अट ठेवू चाळीसपैकी सव्वीस किंवा जास्त, कारण नाणं उडवून सव्वीस किंवा जास्त येण्याची शक्यता ०.०४ आहे, म्हणजे प्रबंधांच्या लाडक्या ०.०५च्या आत. तर ९९० पैकी सुमारे चाळीस जण नशिबाने पास होतील. खऱ्या दहांपैकीही सगळे पास होणार नाहीत, आठेक होतील. पास झाले एकूण अठ्ठेचाळीस, त्यांत खरे आठ. म्हणजे सहात एक. 'सार्थक' निकाल हातात घेऊन उभ्या असलेल्या दर सहा माणसांपैकी पाच जणांना काहीच कळत नाही, आणि तुमचं वाक्य म्हणतंय प्रत्येकाची ९६ टक्के खात्री. (हे सव्वीस आणि त्यापुढचे सगळे एकत्र धरून. काठावरचे, बरोबर सव्वीसवाले, तेवढेच वेगळे काढले तर वीसांत एकच खरा निघतो.)

आता तीच अट, तेच ०.०४, पण विषय बदला. हजार शिक्षणपद्धती घ्या ज्या अनुभवी शिक्षकांनी विचार करून सुचवल्यात आणि ज्यांतल्या निम्म्या खरंच उपयोगी आहेत. निरुपयोगी ५०० पैकी वीस पास होतील, उपयोगी ५०० पैकी सुमारे चारशे. पास झालेल्यांत खऱ्या शंभरात पंच्याण्णव. पी-मूल्य दोन्हीकडे तेच, आणि उत्तर एकीकडे सतरा टक्के, दुसरीकडे पंच्याण्णव. मग नुसत्या पी-मूल्यातून टक्के कसे निघतील? ते निघत नाहीत. भाचीची पद्धत खरी असण्याची शक्यता ९७ पेक्षा जास्तही असू शकते. मोठ्याने वाचल्याने भाषा सुधारते यात काही नवल नाही, आमच्या वडिलांनी आम्हाला तसंच शिकवलं. पण तो विश्वास वडिलांकडून आणि शिक्षकांच्या अनुभवातून आलाय, शंभर वजा तीन मधून नाही. तसा तो मोकळेपणाने लिहावा.

दुसरी गोष्ट तिच्या प्रकरणात मला आणखी खटकली. तक्त्यात आठ ओळी होत्या: वाचनाचा वेग, उच्चार, शब्दसंग्रह, शुद्धलेखन, आकलन वगैरे. सात ओळींत पी-मूल्य ०.०५च्या वर. एकाच ओळीत, शब्दसंग्रहात, ०.०३. निष्कर्षात ती एकच ओळ आली. पुन्हा ज्योतिष्यांकडे चला. सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांतल्या निदान एकाला चोवीस किंवा जास्त येण्याची शक्यता ९८ टक्के होती. म्हणजे चोवीसवाला कुणीतरी निघणारच होता. तो निघाला यात बातमी नव्हती. सव्वीसवाला, ०.०५च्या आतला, निघण्याची शक्यतासुद्धा तीनात दोन होती. (सगळे एकमेकांना न विचारता अंदाज करतात, असं यात धरलंय. सगळ्यांचं पुस्तक एकच असेल तर आकडे हलतात.) तो प्रत्यक्षात निघाला नाही, हा ज्योतिषाचा कमनशिबीपणा. निघाला असता तर आज त्याच्या दारावर पाटी असती.

आठ ओळींचंही तेच. वाचनाचा काडीइतका परिणाम नसता आणि ओळी एकमेकींपासून सुट्या असत्या, तरी आठांतली निदान एक ०.०५च्या आत येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के. ओळी सुट्या नाहीत, वेगाने वाचणाऱ्याचं आकलनही बरं असतं, म्हणून हा आकडा थोडा कमी होईल. पण ०.०३ हे पी-मूल्य फक्त तेव्हाच ०.०३ असतं, जेव्हा ती ओळ निकाल पाहायच्या आधी निवडलेली असते. मी तिला विचारलं, शब्दसंग्रहच बघायचा असं आधी ठरलं होतं का? ती गप्प राहिली. तिचा दोष नाही, तिला असं विचारावं हे कुणी शिकवलंच नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी ज्योतिषविरोधकांची वकिली केल्यासारखं होईल. पी-मूल्य मोठं आलं म्हणजे 'परिणाम नाही' हे सिद्ध झालं, असंही नाही. एकोणतिसाव्या रोज्याला आपण गच्चीवर जातो, आभाळ भरलेलं असतं, चांद दिसत नाही. चांद दिसला नाही आणि चांद झाला नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. म्हणून तर फोन लावून विचारतो, दुसरीकडे आभाळ कसं आहे. संख्याशास्त्रातही हेच विचारायचं असतं: आभाळ किती निरभ्र होतं? दोनशे कुंडल्यांच्या त्या चाचणीत, संस्थेला खरोखर शंभरात साठ बरोबर सांगता येत असते, तर १०२ किंवा त्याहून कमी येणं हजारात सहा वेळा घडलं असतं. म्हणजे साठ टक्क्यांची विद्या असती तर ती दिसायला आभाळ पुरेसं स्वच्छ होतं, आणि ती दिसली नाही. पण कुणी म्हणालं की आमची विद्या फक्त बावन्न टक्क्यांची आहे, तर दोनशे कुंडल्या ते नाकारू शकत नाहीत. त्यासाठी हजारोंनी लागतील. मी नाकारतो ते वेगळ्या कारणाने: बावन्न टक्क्यांच्या विद्येवर कुणी लग्नं मोडत नाही, आणि कुंडल्या घेऊन बसणारे स्वतःला बावन्न टक्क्यांचे म्हणवत नाहीत.

भाचीच्या सातही ओळींना हेच लागू. चाळीस-चाळीस मुलांत बारीक सुधारणा दिसणारच नाही. तिथे 'परिणाम नाही' असं लिहिणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू, आणि तिच्या प्रकरणात तेही लिहिलेलं आहे, सात वेळा.

आता 'सगळे असंच लिहितात' याबद्दल. सगळे कधीच असं लिहीत नव्हते. ०.०५ची रेघ लोकप्रिय केली ती रोनाल्ड फिशरने, १९२५च्या त्याच्या पुस्तकातून, आणि तीसुद्धा सोय म्हणून. पी-मूल्य म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता असं त्याने म्हटलेलं नाही. परिकल्पनेला अशी शक्यता लावायलाच त्याचा विरोध होता. त्याच्याशी वाद घातला केंब्रिजच्या हॅरॉल्ड जेफ्रीझने. त्याचं म्हणणं असं की परिकल्पनेची शक्यताच मोजायला हवी, पण त्यासाठी आधीचा अंदाज उघडपणे मांडा. आणि पी-मूल्यात तुम्ही 'त्याहून टोकाचे' म्हणून जे निकाल मिसळता, ते तर घडलेलेच नाहीत, त्यांच्यावरून घडलेल्याचा न्याय कसा करता? (आपल्या ज्योतिष्याला चोवीसच आले होते. पंचवीस ते चाळीस आपण उगाच त्याच्या खात्यावर धरले.) दोघांचं एकमेकांशी पटलं नाही. पण वजाबाकी करून टक्के काढायला त्या दोघांपैकी कुणाचीही परवानगी नाही.

आणि हा वाद केंब्रिजमध्येच राहिला असंही नाही. जेफ्रीझचा विद्यार्थी होता कोल्हापूरचा वसंत शंकर हुजुरबाजार. त्याच हुजुरबाजारांनी परत येऊन पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. ज्योतिषाच्या चाचणीत बसलेले कुंटे त्याच विद्यापीठाचे. म्हणजे सत्तर वर्षं ही गोष्ट मराठी माणसाच्या हाताशी आहे, आणि मराठवाड्यात येईपर्यंत तिचं 'शंभर वजा तीन' झालं. २०१६ साली अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं, की पी-मूल्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता मोजत नाही. म्हणजे रोग फक्त आपला नाही. पण त्यांनी निवेदन काढलं. आपल्याकडे अजून त्याच वाक्याला पदव्या मिळतायत.

मला कुणी म्हणेल, एवढ्याशा वाक्याने काय बिघडतं, पोरीला पदवी मिळू दे. पदवी मिळू देच. पण चित्रकलेचा तास जाणार आहे तो दुसऱ्या कुणाच्या पोरांचा. समितीतल्या लोकांना टी-चाचणी कळत नाही, कळायची गरजही नाही. त्यांनी ९७ हा आकडा ऐकला आणि ते विश्वासाने मान हलवून बसले. त्यांना तो आकडा आम्ही शिकलेल्यांनी दिलाय.

भाची दोन रात्री बसली आणि तिने परिच्छेद पुन्हा लिहिला. तो असा: "दैनंदिन वाचनाचा शब्दसंग्रहावर काहीही परिणाम होत नाही असे मानले, तर दोन गटांत दिसलेला किंवा त्याहून मोठा फरक शंभर वेळांत सुमारे तीन वेळा केवळ योगायोगाने दिसेल. एकूण आठ कौशल्ये तपासली होती. शब्दसंग्रहाची निवड आधी केलेली नव्हती. उरलेल्या सात कौशल्यांबाबत या नमुन्यावरून होकारार्थी किंवा नकारार्थी काही सांगता येत नाही. पुढील वर्षी दुसऱ्या शाळेत फक्त शब्दसंग्रह तपासावा."

सरांकडून पान परत आलं. समासात लाल शाईने लिहिलंय: "फार लांब. निष्कर्ष ठाम हवा." ती शुक्रवारी पुन्हा भेटायला जातेय. मी म्हटलं, मीही येतो, आणि सोबत चाळीस वेळा उडवायला एक नाणं घेतो.